दहावी गणित : सहामाहीनंतर शिकवणी लावावी की घरीच अभ्यास चालू ठेवावा?

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. आजवर तिला कोणतीही शिकवणी लावलेली नाही. सहामाहीत तिला बीजगणितात ४० पैकी ३६ आणि भूमितीत ४० पैकी २६ गुण मिळाले. गणितात शंभरपैकी ९५ च्या पुढे जावे अशी तिची स्वतःची इच्छा आहे. भूमितीच्या गुणांनी ती खचलेली नाही, पण आम्ही दोघे मात्र अस्वस्थ झालो आहोत.

नवी पेठेतील एका वर्गात चौकशी केली. उरलेल्या वर्षाचे शुल्क अठरा हजार रुपये आहे, तुकडीत साधारण साठ मुले आहेत आणि भूमितीची पहिली चार प्रकरणे त्यांची शिकवून झाली आहेत. जाण्यायेण्यात रोजचा सव्वा तास जाईल. आता दिवाळी झाली, पूर्वपरीक्षा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे असेल. एवढ्या उशिरा शिकवणी लावून उपयोग होतो का, की तिने घरीच अभ्यास करावा? ज्यांनी दोन्ही पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सिद्धेश्वर पेठ

माझे स्पष्ट मत असे आहे की दहावीच्या गणिताला शिकवणी लागतच नाही. बालभारतीचे पुस्तक घ्यावे, प्रत्येक सरावसंच आणि शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह तीन वेळा सोडवावा, बस. मंडळ पुस्तकाबाहेरचे काही विचारत नाही. माझ्या पुतण्याने हेच केले आणि त्याला ८८ मिळाले. अठरा हजार रुपये वाचवा आणि मुलीला चांगली सायकल घेऊन द्या.

अनघा होटगी रोड

माझाही मुलगा दहावीला आहे आणि आम्ही याच विचारात होतो. त्याच्या शाळेत ‘स्टँडर्ड’ घ्यायचे की ‘बेसिक’, असा प्रश्न होता. आम्ही ‘स्टँडर्ड’ घेतले, कारण पुढे विज्ञान शाखेला जायचे आहे. तुम्ही मुलीसाठी कोणता पर्याय निवडला आहे? आणि ८० गुणांच्या पेपरला तीन तास पुरतात का?

जुळे सोलापूरकर

अनघाताई, तो पर्याय केंद्रीय मंडळात असतो. आमच्याकडे गणिताचे दोन भाग, दोन वेगळे पेपर, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास, आणि शाळेकडचे अंतर्गत २० गुण अशी रचना आहे.

खडूफळा

मी सोलापुरात तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले, मंडळाच्या उत्तरपत्रिकाही तपासल्या, आता निवृत्त आहे. शिकवणी हवी की नको, हे ६२ या बेरजेवरून कोणालाच सांगता येणार नाही. मुलीची भूमितीची तपासलेली उत्तरपत्रिका समोर घ्या आणि गेलेले चौदा गुण कोणत्या प्रश्नात, कशामुळे गेले ते इथे लिहा. ‘कच्चे आहे’, ‘घाई झाली’ असे मोघम लिहू नका. तिने नेमके काय लिहिले होते, ते लिहा.

हिशोब आधी मांडतो. अंतर्गत गुण जवळपास पूर्ण मिळाले असे धरले, तरी ९५ साठी दोन्ही पेपर मिळून ८० पैकी ७५ किंवा ७६ लागतात. म्हणजे चार-पाच गुणांपेक्षा अधिक कुठेही सांडायला जागा नाही. सिद्धेश्वर पेठ यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पुस्तक पूर्ण सोडवल्याशिवाय काहीच होत नाही, आणि घटक पुस्तकाबाहेरचे नसतात. पण प्रत्येक पेपरात चौथा प्रश्न ८ गुणांचा आणि पाचवा ३ गुणांचा असतो, आणि तिथली उदाहरणे पुस्तकात जशीच्या तशी सापडतीलच असे नाही. दोन्ही पेपर मिळून हे २२ गुण होतात. पुस्तक तीनदा सोडवणारा विद्यार्थी ८८ च्या आसपास येऊन थांबतो, तो बहुधा इथेच.

सिद्धेश्वर पेठ

सर, ८८ हे काही कमी गुण नाहीत.

खडूफळा

कमी नाहीतच. पण मुलीने ९५ म्हटले आहे.

जुळे सोलापूरकर

सर, काल रात्री तिला शेजारी बसवून उत्तरपत्रिका पाहिली. तिने सांगितले तसे लिहितो.

प्रश्न १ मध्ये एक गुण गेला. समरूप त्रिकोणांच्या बाजूंचे गुणोत्तर २ : ३ दिले होते, क्षेत्रफळांचे गुणोत्तर विचारले होते आणि तिने ४ : ९ ऐवजी २ : ३ हाच पर्याय लिहिला. प्रश्न २ मधील कृतीत एका चौकटीत कारण चुकले, त्याचा एक. प्रश्न २ मध्येच वर्तुळाच्या बाहेर छेदणाऱ्या दोन छेदिकांचे उदाहरण होते. तिने बाहेरचा तुकडा गुणिले आतला तुकडा असे दोन्ही बाजूंना मांडले. दोन्ही गुण गेले.

प्रश्न ३ मध्ये चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हे प्रमेय होते. सिद्धता तिला येत होती, पण एक गुण कापला आहे आणि बाजूला ‘कंस?’ असे लिहिले आहे. त्याच प्रश्नातील दुसऱ्या उदाहरणात तिने √(१०² − ६²) चे उत्तर ४ लिहिले, त्यात दोन गुण गेले.

प्रश्न ४ मधील एक उदाहरण पूर्ण बरोबर आहे, दुसरे कोरे आहे. प्रश्न ५ ला ती पोचलीच नाही. कोऱ्या सोडलेल्या उदाहरणाकडे वीस मिनिटे पाहत बसले होते, असे ती म्हणाली. ते उदाहरण असे : ९ सेमी आणि ४ सेमी त्रिज्येची दोन वर्तुळे बाहेरून स्पर्श करतात, दोन्हींना स्पर्श करणाऱ्या सामाईक स्पर्शिकेच्या, स्पर्शबिंदूंमधील रेषाखंडाची लांबी काढा.

खडूफळा

असे लिहून आले की बोलता येते. या चौदा गुणांचे मी तीन ढीग करतो.

पहिला ढीग, येत होते पण गेले. गुणोत्तराचा एक, कृतीतला एक, प्रमेयाचा एक. प्रमेयात काय झाले असावे ते सांगतो. तिने प्रत्येक कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मा असतो असे लिहिले आणि लगेच ‘म्हणून बेरीज १८०°’ असे लिहून टाकले. दोन्ही कंस मिळून पूर्ण वर्तुळ होते, म्हणून त्यांच्या मापांची बेरीज ३६०°, ही मधली ओळ तिच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. तपासणारा डोक्यात शिरू शकत नाही. ‘कंस?’ चा अर्थ तोच.

दुसरा ढीग, चुकीचे पक्के बसले. छेदिकांचे दोन गुण इथले. वर्तुळाच्या आत छेदणाऱ्या जीवांना लागू पडणारी मांडणी तिने बाहेरही वापरली. बाहेर मात्र बाहेरचा तुकडा गुणिले संपूर्ण छेदिका असे असते. हा ढीग घरी अभ्यास करणाऱ्याला सर्वांत धोक्याचा, कारण चूक करताना मुलाला आपण चुकतो आहोत असे वाटतच नाही. वर्गमुळाचे दोन गुण कोणत्या ढिगात टाकायचे ते मला ठाऊक नाही. तिला आज सहज, दुसऱ्या कामात असताना, √(२६² − १०²) विचारा. कागद द्या. १६ म्हणाली तर चूक पक्की बसली आहे, २४ म्हणाली तर परीक्षेतली घाई.

तिसरा ढीग, सुचलेच नाही. प्रश्न ४ चे चार गुण. आणि प्रश्न ५ चे तीन गुणही मी याच ढिगात टाकतो, कारण तो प्रश्न वेळेअभावी राहिला आणि वेळ या उदाहरणाने खाल्ला. १२० मिनिटांत ४० गुण, म्हणजे गुणाला तीन मिनिटे. चार गुणांच्या उदाहरणाला बारा. तिने वीस दिली.

थोडक्यात, चौदापैकी सात गुण एका न काढलेल्या रेषेने नेले. ती रेषा पाहा. मोठ्या वर्तुळाचे केंद्र O, लहानाचे P. वर्तुळे बाहेरून स्पर्श करतात, म्हणून OP = ९ + ४ = १३. स्पर्शिका मोठ्या वर्तुळाला A मध्ये आणि लहानाला B मध्ये स्पर्श करते. OA आणि PB या त्रिज्या स्पर्शिकेला लंब. इथपर्यंत ती नक्की आली असती, आणि एवढे लिहिले असते तरी पायऱ्यांचे काही गुण हाती लागले असते. अडते ते पुढे, कारण OABP या चौकोनात काटकोन त्रिकोण कुठेच दिसत नाही. तो आपणच आणायचा. P मधून OA वर लंब PM टाकला की PMAB हा आयत होतो, म्हणून MA = ४ आणि OM = ९ − ४ = ५. आता त्रिकोण OMP मध्ये कर्ण १३ आणि एक बाजू ५, म्हणून PM = १२. आयताच्या समोरासमोरच्या बाजू समान, म्हणून AB = १२ सेमी.

यात तिला न येणारे एकही प्रमेय नाही. मग साठ मुलांच्या तुकडीत बसून काय होईल? फळ्यावर सर PM काढतील, सगळ्यांना एकदम समजेल, सगळे उतरवून घेतील. पण ती रेषा तिने स्वतः काढलेली नसेल. शिकवणीचा सर्वांत मोठा धोका मी हाच पाहिला आहे, आणि मी स्वतः फळ्यावर तीस वर्षे ती रेषा काढत आलो आहे.

पद्मा अक्का

सरांचा मान राखून वेगळे लिहिते. आम्ही पूर्व भागात राहतो. घराला लागूनच टॉवेलचे माग आहेत, सकाळी सुरू होतात ते रात्रीपर्यंत. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मुलगा मराठी शाळेत शिकला. मला किंवा त्याच्या वडिलांना ‘साध्य’ म्हणजे काय हे माहीत नव्हते, तर आम्ही उत्तरपत्रिका घेऊन त्याच्या शेजारी काय बसणार? त्याला आम्ही शिकवणी लावली, आणि तिथे त्याला रोज दोन तास शांत बाक मिळाला. शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या असेही नाही. पण सोमवारी चाचणी आहे म्हटल्यावर तो रविवारी बसत असे. त्याला ९१ मिळाले. गेल्या वर्षीची गोष्ट आहे. तुमच्या मुलीला घरी खोली आहे, वडील विचारपूस करतात, म्हणून तिला शिकवणी नको असेल. पण सगळ्यांना ते जमत नाही.

खडूफळा

अक्का, तुमचे खरे आहे. मी जे लिहिले ते या मुलीच्या चौदा गुणांवरून लिहिले. चाचणीची ठरलेली तारीख आणि बसायला जागा, हे शिकवणीचे खरे देणे आहे आणि मी ते मोजले नव्हते.

घरकुलचा मुलगा

मी विडी घरकुलमध्ये वाढलो, आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवणी नव्हती, गणितात ९४ मिळाले. सरांनी जो दुसरा ढीग सांगितला त्याने मला कसे फसवले, ते सांगतो.

त्रिकोणमितीत अवनत कोन मी उभ्या रेषेपासून मोजत होतो. म्हणजे दीपस्तंभावरून खाली पाहणाऱ्याची दृष्टी आणि खुद्द दीपस्तंभ यांमधला कोन. खरे तर तो क्षितिजसमांतर रेषेपासून मोजायचा. पहिली दोन उदाहरणे मी ४५° ची सोडवली आणि दोन्हींची उत्तरे बरोबर आली, कारण ४५° ला कुठूनही मोजा, फरक पडत नाही. त्यामुळे माझी पद्धत बरोबर आहे असे मला दोन महिने वाटत राहिले. नंतर ६० मीटर उंचीचा दीपस्तंभ आणि ६० अंशांचा अवनत कोन असे उदाहरण आले. जहाजाचे अंतर मी ६०√३, म्हणजे जवळजवळ १०४ मीटर काढले. उत्तर ६०/√३, म्हणजे साधारण ३४.६ मीटर होते. आधी वाटले पुस्तकात छपाईची चूक आहे. शाळेतल्या सरांनी एकच प्रश्न विचारला : तुला मान किती खाली घालावी लागते? साठ अंश खाली पाहतोस, म्हणजे जवळजवळ पायांकडे पाहतोस, मग जहाज उंचीपेक्षा लांब कसे असेल?

तेव्हापासून मी दोन गोष्टी करू लागलो. उत्तर काढण्यापूर्वी ते उंचीपेक्षा जास्त येईल की कमी, हे आकृतीवरून समासात लिहायचे. आणि नवीन प्रकाराचे पहिले उदाहरण ४५° चे किंवा दोन समान बाजूंचे घ्यायचे नाही, कारण अशा उदाहरणात चूक लपते.

गाईडबद्दलही लिहितो. गाईड माझ्याकडे होते. अडल्यावर मी उत्तरावर पट्टी ठेवून फक्त पहिली ओळ पाहत असे आणि पुन्हा झाकत असे. ज्या उदाहरणासाठी पट्टी सरकवली त्यावर तारीख घालायची आणि चौथ्या दिवशी कोऱ्या कागदावर तेच पुन्हा. चौथ्या दिवशीही अडले, तर ते आले नाही असे समजायचे. माझ्या वहीत एका उदाहरणावर पाच तारखा आहेत.

जुळे सोलापूरकर

√(२६² − १०²) काल ती पाण्याच्या बादल्या भरताना विचारले (काल आमच्याकडे पाणी येण्याचा दिवस होता). वाटीएवढ्या कागदावर करून २४ म्हणाली आणि ‘हे का विचारता’ असे उलट विचारले. म्हणजे ते दोन गुण घाईचे. छेदिकांचे मात्र विचारल्यावर तिने पुन्हा तसेच चुकीचे मांडले.

खडूफळा

मग हिशोब असा झाला : घाईचे आणि लिहिण्यातले पाच, चुकीचे पक्के बसलेले दोन, न सुचलेले सात. दुसरा ढीग सात गुणांचा असता तर मी आजच कोणाकडे तरी बसवा म्हटले असते, कारण तिथे रोज समोर माणूस लागतो. इथे मी पूर्ण शिकवणी लावणार नाही, पण तिला पूर्ण एकटेही सोडणार नाही.

चार आठवडे भूमितीचे ‘न सुचलेले’ उदाहरण रोज एकच घ्यावे. बारा मिनिटे घड्याळ लावून स्वतः. सुचले नाही तर आकृतीत कोणती रेषा नाही, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा : केंद्र जोडायचे आहे का, लंब टाकायचा आहे का, समांतर रेषा काढायची आहे का. दहावीच्या भूमितीतील बहुतेक अडलेल्या रचना या तिघांतच सापडतात. मग पट्टी सरकवावी, या मुलाने सांगितले तशी. चौथ्या दिवशी आकडे बदलून तेच : त्रिज्या १६ आणि ९ घेतल्या की केंद्रांतील अंतर २५, फरक ७, उत्तर २४ यायला हवे. आणि दर शनिवारी दोन तासांचा एक पूर्ण पेपर, पण तो तपासणारा माणूस घरातला नसावा. आपल्या मुलीचे काय लिहायचे राहून गेले, हे वडिलांना दिसत नाही; ते मनात वाक्य पुरे करून टाकतात.

जुळे सोलापूरकर

तपासणारा कुठून आणायचा, हाच प्रश्न आहे सर.

सिद्धेश्वर पेठ

शाळेतले शिक्षक पगार कशाचा घेतात? त्यांनाच सांगा.

पद्मा अक्का

साठ मुलांच्या वर्गाला विचारून पाहा की फक्त चाचण्यांना बसू देतील का. आमच्याकडे देत होते, शुल्क फारच कमी होते. मात्र पेपर कोण तपासतो ते विचारा. आमच्याकडे बारावी झालेली मुले उत्तराचा आकडा पाहून बरोबरची खूण करत. माझ्या मुलाने एकदा मधल्या दोन ओळी मुद्दाम गाळल्या, तरी पूर्ण गुण मिळाले.

जुळे सोलापूरकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. अक्कांनी सांगितले तसे विचारले. तपासलेले जुने पेपर दाखवा म्हटल्यावर त्या वर्गात कोणी दाखवले नाहीत, म्हणून ते सोडले. शाळेतील गणिताच्या बाईंनी दर सोमवारी मधल्या सुट्टीत फक्त प्रश्न ३ आणि ४ तपासून देण्याचे कबूल केले आहे. पहिल्या शनिवारी भूमितीत २८, दुसऱ्या शनिवारी पुन्हा २८, काल ३३. मधल्या आठवड्यात प्रश्न ४ सुटला, पण घाईचे गुण वाढून तेवढेच गेले. बीजगणिताकडे या काळात दुर्लक्ष झाले आहे आणि त्याची मला काळजी वाटते. पत्नीचे अजूनही म्हणणे आहे की डिसेंबरपासून शिकवणी लावावी. आमचे ठरलेले नाही.

एक विचारायचे आहे सर. १६ आणि ९ चे उदाहरण तिने चौथ्या दिवशी पाच मिनिटांत सोडवले आणि मग स्वतःच विचारले की वर्तुळे एकमेकांना स्पर्शच करत नसतील तर? तिने त्रिज्या १० आणि २, केंद्रांतील अंतर १७ असे घेतले. फरक ८, म्हणून स्पर्शिका १५ आली. नंतर दोन वर्तुळांच्या मधून तिरपी जाणारी स्पर्शिका काढली. तिथे फरकाऐवजी बेरीज १२ घेतली आणि उत्तर √(२८९ − १४४) = √१४५ आले. पूर्ण संख्या येत नाही म्हणून चुकले आहे असे तिला वाटते. पानाचा फोटो जोडला आहे.

खडूफळा

फोटो पाहिला. √१४५ बरोबर आहे. पण बेरीज का घ्यायची, म्हणजे P मधून टाकलेला लंब OA वर न पडता A च्या पलीकडे वाढवलेल्या OA वर पडतो, ही ओळ तिने लिहिलेली नाही. मी एक गुण कापला असता.